शेंगांची टरफले

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात काही वस्तू न चुकता असतात. पाटावरवंटा मागे राहिला तरी पुरणयंत्र बरोबर असते, दिवाळी अंकांचा एक गठ्ठा असतो, आणि मुलांना सांगण्यासाठी लोकमान्यांची शेंगांची गोष्ट असते. बदलीच्या हुकमाबरोबर ती गोष्टही आमच्या ट्रंकेत बसून गावोगाव हिंडली. शिलाँगच्या पावसात आम्ही ती सांगितली, जयपूरच्या उन्हात सांगितली, आणि गेली नऊ वर्षे दिल्लीत, लोदी कॉलनीतल्या आमच्या सरकारी बिऱ्हाडात, दर १ ऑगस्टला सांगत आलो आहो.

गोष्ट वाचकांच्या तोंडपाठ असेल. वर्गात कोणी तरी शेंगा खाल्ल्या, टरफले जमिनीवर पडली. गुरुजी आले, संतापले, आणि त्यांनी साऱ्या वर्गाला टरफले उचलण्याची आज्ञा केली. बाळ टिळक मात्र जागचा हलला नाही. आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, तेव्हा आपण टरफले उचलणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. या कथेची रूपे निरनिराळी आहेत. कुठे छडी आहे, कुठे घरी पाठवणी आहे, कुठे स्वतः शिक्षक असलेल्या गंगाधरपंतांनी मुलाची बाजू घेतल्याचा उल्लेख आहे. पण नकार सर्वत्र तोच आहे, आणि तो सांगताना आमचा आवाज जरा चढतो हेही खरे आहे. हीच गोष्ट आपल्या घरात घडली तर आपण गुरुजींच्या बाजूस उभे राहू की बाळच्या, हा प्रश्न मात्र आम्हांस इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. गेल्या एप्रिल महिन्यात तो पडला.

आमची कन्या बारा वर्षांची. दक्षिण दिल्लीतल्या एका शाळेत सातवीत आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पाण्याचा कूलर आहे. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याची दाबायची तोटी मुळापासून मोडली. पाणी वाहून टाकी रिकामी झाली, आणि त्याच मजल्यावर बसणाऱ्या दुसरीच्या मुलांना दुपारभर पाणी मिळाले नाही. एप्रिलची दिल्ली ज्यांनी सोसली आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. सातवीची मुले कूलरभोवती धुडगूस घालताना दिसली होती, पण तोटी कोणी मोडली हे कोणी सांगेना. संध्याकाळी पालकांच्या मोबाईलवर शाळेची सूचना आली: वर्गातील अडतीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पन्नास रुपये दंड भरावा, आणि सर्वांचा दंड जमा होईपर्यंत वर्गाचा खेळाचा तास बंद राहील.

आम्ही पाकिटातून पन्नासाची नोट काढून कन्येच्या दप्तराशेजारी ठेवली. तिने ती परत आमच्या पुढ्यात ठेवली.

"मी तोटी तोडली नाही, बाबा. मी दंड देणार नाही."

"अगं, पन्नास रुपयांचा तर प्रश्न. भर आणि मोकळी हो. सगळ्या वर्गाचा खेळ तुझ्यापायी कशाला अडवतेस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग टिळकांनीही टरफले उचलून मोकळे व्हायला हवे होते ना?"

आमच्या सौभाग्यवती तेव्हा पोळ्या लाटत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. ती हसू लपवण्यासाठी की पोळी उलटण्यासाठी, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

आम्ही हिशेबतपासणीच्या खात्यातले. नियमांची सवय आमच्या अंगात इतकी भिनली आहे की भाजीवाल्याकडूनही पावती मागावीशी वाटते. त्या रात्री पडल्या पडल्या मनात आले की सरकारी नोकरांच्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील विषयक १९६५ च्या नियमांप्रमाणे एखाद्या कारकुनाची वेतनवाढ रोखायची, म्हणजे किरकोळ शिक्षा करायची झाली, तरी आधी त्याला आरोप लेखी कळवावा लागतो आणि त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. येथे अडतीस मुलांना आरोपाविना, चौकशीविना शिक्षा झाली, आणि तिच्यावर पहिली सही करायला आम्ही पाकीट घेऊन तयार होतो! मूल आहे म्हणून न्यायाचा हा साधा क्रम त्याला लागू नाही, असे आम्ही मनाशी कधी ठरवले होते?

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी कॉलनी त्यांना 'बाई' म्हणते. त्याच शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले, आणि अजूनही आठवड्यातून दोनदा तिथले ग्रंथालय सांभाळायला जातात. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन गेलो, ते खरे तर कन्येविरुद्ध. बाईंनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला: "ती नाही म्हणाली हे कळले. पण का नाही म्हणाली, हे विचारलेत का?"

आम्ही विचारले नव्हते. बाईंनी कपाटातून दोन पुस्तके काढून दिली. पुढचे काही दिवस कचेरीतून आल्यावर आम्ही ती वाचीत होतो, आणि जे उमगले ते येथे सांगण्याचा प्रयत्न करीत आहो.

पहिले पुस्तक झाँ पियाजे या स्विस संशोधकाचे, १९३२ साली प्रसिद्ध झालेले. जिनिव्हा आणि न्यूशाटेल येथील मुलांबरोबर गोट्या खेळत बसून त्याने खेळाचे नियम कोणी केले, ते बदलता येतील का, असे प्रश्न त्यांना विचारले. मग तो त्यांना गोष्टींच्या जोड्या सांगू लागला. एक मुलगा जेवायला हाक आली म्हणून दार ढकलून आत येतो. दारामागे खुर्चीवर तबकात पंधरा कप आहेत, हे त्याला ठाऊक नसते. पंधराही फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना चोरून मुरंबा काढायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. दोघांत अधिक वाईट कोण? सहा-सात वर्षांपर्यंतची मुले बहुधा सांगत, पंधरा फोडणारा. नऊ-दहाच्या सुमारास उत्तर उलटे होई: मुरंबा चोरणारा.

आमच्यातला तपासनीस जागा झाला. आम्ही मुरंब्याच्या जागी बेसनाचे लाडू घातले आणि रविवारी कॉलनीच्या बागेत ही गोष्ट मुलांना सांगितली. आमचे धाकटे चिरंजीव, वय वर्षे सहा, तत्काळ म्हणाले, "पंधरावाला. पंधरा म्हणजे खूपच झाले." शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाने त्याच्याकडे कीव येऊन पाहिले. "अरे, त्याला माहीतच नव्हते ना!" चिरंजीवांना हा मुद्दा कळला, पण पटला नाही. त्यांनी पुन्हा एकदा बोटांवर कप मोजले.

पियाजेनंतरच्या संशोधकांनी एक दुरुस्ती सुचवली आहे. त्याच्या गोष्टीत हेतू आणि नुकसान ही दोन्ही एकदम बदलतात. लहान मूल त्या दुहेरी हिशेबात गोंधळते. हेतू वेगळा काढून स्पष्ट सांगितला, तर चार-पाच वर्षांचे मूलही तो ध्यानात घेते. म्हणजे लहानग्याला हेतू कळतच नाही असे नव्हे. मोठे नुकसान डोळ्यांसमोर आले की हेतू मागे पडतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर, नवी कोरी कपबशी फुटल्यावर घरोघरच्या मोठ्या माणसांचेही तसेच होते.

दुसरे पुस्तक लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाविषयी होते. त्याने १९५८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध सादर केला. दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलग्यांना नैतिक पेच घालून त्यांची उत्तरे त्यात तपासली होती, आणि त्यांतल्या अनेकांचा मागोवा पुढे वीस वर्षे घेतला गेला. मरणासन्न बायकोसाठी न परवडणारे औषध चोरावे काय, हा त्यातला प्रसिद्ध पेच. कोहलबर्गची खरी युक्ती ही की 'चोरावे' किंवा 'चोरू नये' या उत्तराला त्याने महत्त्वच दिले नाही. त्याने पाहिले ते कारण. कारणांच्या त्याला पायऱ्या दिसल्या, आणि माणूस त्या बहुधा क्रमाने चढतो, मधली गाळीत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या कूलरच्या तोटीवरच या पायऱ्या मांडून पाहू. तोटी का मोडू नये? पहिल्या पायरीवरचे मूल म्हणेल, सापडलो तर शिक्षा होईल. दुसऱ्या पायरीवरचे म्हणेल, आज मी त्याचे नाव सांगितले नाही तर उद्या तो माझे सांगणार नाही. येथे न्याय म्हणजे देवाणघेवाण. तिसऱ्या पायरीवर माणसे येतात: बाईंना काय वाटेल, मित्र काय म्हणतील, आपण चांगले ठरू की वाईट. चौथ्या पायरीवर सगळी व्यवस्था दिसू लागते: प्रत्येकाने असेच केले तर शाळा चालायची कशी? पाचव्या पायरीवर खुद्द नियमालाच प्रश्न विचारला जातो: हा कोणी केला, कोणासाठी केला, ज्यांना तो लागू आहे त्यांना तो न्याय्य म्हणून मान्य होईल काय? सहावी पायरी विशुद्ध तत्त्वांची. पण तिच्यावर उभी असलेली माणसे कोहलबर्गला आपल्या नोंदींत पुरेशी सापडली नाहीत, आणि गुण देण्याच्या पुढील पद्धतीतून ती वगळण्यात आली. पाचवीवरची प्रौढ माणसेही थोडीच निघाली. बहुतेक सज्जन तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ठाण मांडून असतात. चौथ्या पायरीचे वर्णन वाचताना आम्हांस आमच्या कचेरीचा जिना चढल्यासारखे वाटले.

या शिडीचा मोह मात्र आवरला पाहिजे. एक तर मूल एकाच पायरीवर पाय घट्ट रोवून उभे नसते; गणिताच्या तासाला चौथीवर असलेला मुलगा मैदानावर दुसरीवर येतो. दुसरे असे की चांगले कारण सांगता येणे आणि चांगले वागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हार्टशोर्न आणि मे या दोघांनी १९२८ साली सुमारे अकरा हजार मुलांच्या खोटेपणाच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक निघे. मुलांची नैतिक जाण आणि त्यांचे वागणे यांचा मेळ फारच थोडा होता. शिडी आपल्याला मूल पुढे काय करील हे सांगत नाही. ते आपला शब्द कोणत्या कानाने ऐकते, एवढेच ती सांगते.

शाळेतल्या शिक्षेचा खरा प्रश्न येथेच आहे. शिक्षा ही एक भाषा आहे, आणि दंडाची भाषा पहिल्या पायरीवरची आहे. तिसऱ्या पायरीवर पोचलेल्या मुलाशी आपण पहिलीच्या भाषेत बोललो, तर ते वर चढत नाही. आपणच त्याला खाली बोलावून घेतो. उलट पहिलीवरच्या मुलापुढे 'संविधान' आणि 'समाज' या विषयांवर व्याख्यान झोडले, तर ते ऐकतो आहो असा चेहरा करून खिडकीबाहेरची खार पाहत बसते. ट्युरिएल या संशोधकाने १९६६ साली दाखवले की मुलाच्या विचारावर अधिक परिणाम होतो तो त्याच्या स्वतःच्या पायरीच्या नेमक्या एक पायरी वरच्या युक्तिवादाचा. दोन पायऱ्या वरचा डोक्यावरून जातो.

दिल्लीच्या शाळांतून छडी कायद्याने गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांत शारीरिक शिक्षेची मुभा होती. पालकांच्या एका संघटनेच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये ती तरतूद रद्द ठरवली. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने देशभर शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी केली. हे फार चांगले झाले. पण छडी गेली तरी छडीची भाषा जात नाही. ती दंडाच्या पावतीत शिरते, डायरीतल्या लाल शेऱ्यात शिरते, साऱ्या वर्गाचा खेळ बंद करण्यात शिरते. हात दुखत नाही इतकेच. धडा तोच मिळतो की जो बलवान तो ठरवील ते खरे.

आता शेंगांकडे येऊ; कारण अपराधी सापडत नाही तेव्हा साऱ्या वर्गाला धरावे काय, हा प्रश्नही पियाजेने मुलांनाच विचारला होता. अपराधी कोण हे कोणालाच ठाऊक नसेल तर काय करावे? लहान मुले म्हणाली, सर्वांना शिक्षा करावी. कारण अपराध झाला म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे, मग ती कोणाच्याही पाठीवर पडो. मोठी मुले म्हणाली, कोणालाच करू नये. एक अपराधी सुटण्यापेक्षा अनेक निरपराध्यांना धरणे अधिक अन्यायाचे. दुसऱ्या प्रसंगात अपराधी कोण हे वर्गाला ठाऊक आहे, पण वर्ग सांगत नाही. येथे लहान आणि मोठी दोघेही म्हणाली, सर्वांना शिक्षा व्हावी. मात्र कारणे भिन्न. लहानांच्या मते न सांगणे हाही अपराधच. मोठ्यांच्या मते मित्राला धरून न देण्याचे वर्गाने ठरवले आहे, तेव्हा त्याचे फळ वर्गाने मिळून भोगावे हे रास्त.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि काही वेळ तसेच बसलो. अडतीस मुलांना पन्नास रुपये दंड करताना शाळेने, आणि तो भरायला सांगताना आम्ही, सहा-सात वर्षांच्या मुलासारखा विचार केला होता. अपराध झाला, शिक्षा झाली, हिशेब मिटला. आमच्या चिरंजीवांनी पंधरा कप मोजले तसेच!

त्या रात्री आम्ही कन्येला विचारले, "तू नाही का म्हणालीस?" तिने दोन कारणे दिली. पहिले असे: "मी पैसे दिले की मीही तोडली असे होईल. आणि ज्याने तोडली त्याला वाटेल, चला, अडतीस जणांत वाटून गेले." दुसरे कारण ऐकताना आम्हांस घाम फुटला. "आणि बाबा, पन्नास गुणिले अडतीस म्हणजे एकोणीसशे. तोटीला एवढे पडतात का?" सारा जन्म दुसऱ्यांची बिले तपासण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता. शाळेत विचारणा केली तेव्हा कळले की तोटी आणि प्लंबरची मजुरी मिळून चारशे साठ रुपये बिल झाले होते.

बाईंनी हे सर्व वर्गशिक्षिकेच्या कानावर घातले, आणि तिने मुख्याध्यापकांकडून दंड आठ दिवस तहकूब करून घेतला. पण दंड रद्द करून भागणार नव्हते. कोणालाच काही नाही, असे म्हटले तर दुसरीच्या तहानलेल्या मुलांचे काय? लोकमान्यांच्या गोष्टीतही हा प्रश्न शिल्लक राहतो आणि आम्ही तो कधी ऐकत नाही: बाळने टरफले उचलली नाहीत हे योग्यच, पण वर्ग तर घाण झालाच होता!

या प्रश्नाचे एक उत्तर कोहलबर्गच्याच उत्तर आयुष्यात सापडते. १९७४ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे, एका मोठ्या हायस्कुलाच्या आत, त्याच्या सल्ल्याने एक छोटी शाळा सुरू झाली. तिथले नियम साप्ताहिक सभेत ठरत, आणि शिक्षक व विद्यार्थी या सर्वांना प्रत्येकी एक मत असे. प्रारंभी तेथे चोऱ्या पुष्कळ होत, आणि मुलांना तो आपला प्रश्न वाटत नसे. पुढे एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. चोर कबूल होईना. तेव्हा मुलांमधूनच सूचना आली की प्रत्येकाने पंधरा सेंट काढून तिचे पैसे भरून द्यावेत. ती ज्या समाजाची आहे त्या समाजात तिचे पैसे जातात, हा साऱ्यांचाच दोष आहे. सभेने ते मान्य केले.

बाहेरून पाहिले तर हे आणि आमच्या शाळेचा दंड यांत काडीचा फरक नाही. एकाने केले, सर्वांनी भरले. पण पंधरा सेंट मुलांनी जिचे नुकसान झाले तिला दिले. पन्नास रुपये शाळेने मुलांपासून घेतले. एकात 'ही आपली मुलगी आहे' हे वाक्य आहे, दुसऱ्यात 'तुम्ही सारे चोर आहा' हे आहे. टरफले उचलण्याची आज्ञा आणि टरफले उचलण्याचा निश्चय यांतले अंतर तेवढेच आहे.

वर्गशिक्षिकेने मग एक तास वर्गसभा घेतली. आम्ही तेथे नव्हतो. बाई आणि कन्या या दोन साक्षीदारांच्या जबान्या जेथे जुळतात तेवढेच नोंदवतो. तिने पहिली अट घातली की या तासात कोणी कोणाचे नाव घ्यायचे नाही. ही अट शहाणपणाची होती, कारण मुलांच्या हाती न्याय दिला की पहिला धोका न्यायाच्या नावाखाली एखाद्या नावडत्याची शिकार होण्याचा असतो. मग तिने 'कोणी केले' हे न विचारता 'कोणाचे काय झाले' हे विचारले. दुसरीची दोन मुले तिने बोलावून आणली होती. त्यांतल्या एकीने सांगितले की तिने तहान लागली म्हणून डब्यातली काकडी चोखली. वर्ग गप्प झाला.

त्यानंतर काय करावे याच्या सूचना आल्या, आणि त्या ऐकण्यासारख्या होत्या. एकाने सांगितले, सापडेल त्याला शाळेतून काढावे. दुसऱ्याने पाचशे रुपये दंड सुचवला. शिक्षिका कचरली नाही. अशा सभेत मुलांचे पहिले प्रस्ताव मोठ्यांपेक्षाही कठोर असतात, हे बाईंनी तिला आधीच सांगून ठेवले होते. तिने फळ्यावर प्रत्येक सूचनेपुढे एकच प्रश्न लिहिला: याने दुसरीला पाणी मिळेल काय? हा प्रश्नही पियाजेच्या घरातलाच आहे. घरी पाव आणायला विसरलेल्या मुलाला जत्रेतल्या चक्रीवर बसू न देणे ही एक शिक्षा, आणि पाव कमी आहे म्हणून त्याच्याच वाट्याला कमी येणे ही दुसरी. पहिलीचा अपराधाशी काही संबंध नाही. ती फक्त झोंबते. दुसरी झोंबत नाही कदाचित, पण काय बिघडले ते दाखवते. लहानांना पहिली पसंत पडते, कारण ती कडक असते. मोठे होता होता मुलांना दुसरी न्याय्य वाटू लागते.

शेवटी असे ठरले की चारशे साठ रुपये वर्गाने ऐच्छिक वर्गणीतून जमवावेत, आणि महिनाभर मधल्या सुट्टीत रोज दोघांनी कूलरपाशी उभे राहून दुसरीच्या मुलांना आधी पाणी घेऊ द्यावे. सात मुलांनी वर्गणी दिली नाही. त्यांना कोणी काही म्हणायचे नाही, हेही ठरले होते. ते पाळले गेले, पण पूर्णपणे नव्हे. आमच्या कन्येने आपल्या खाऊच्या पैशांतून वीस रुपये दिले. "आता का दिलेस?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "आता दंड कुठे आहे?"

चौथ्या दिवशी दोन मुलगे, वेगवेगळे, शिक्षिकेकडे आले. तोटीला लोंबकळण्याची पैज दोघांनी मिळून मारली होती. पहिल्याने कबुली दिली, कारण व्हरांड्यात कॅमेरा असल्याचे त्याला कोणी सांगितले होते. दुसऱ्याने दिली, कारण काकडी चोखणारी मुलगी रोज त्याच्याच व्हॅनमधून येते. कबुली एकच, पायऱ्या दोन. शिक्षिकेने दोघांनाही तोटी बसवणाऱ्या प्लंबरच्या हाताखाली एक दुपार दिली. पहिल्याशी ती कॅमेऱ्याविषयी बोललीच नाही. मित्राला एकट्याला सापडू दिले असते तर त्याला काय वाटले असते, एवढेच तिने विचारले. दुसऱ्याला विचारले की व्हॅनमधून न येणाऱ्या, आपण ओळखत नाही अशा मुलांचे काय. एकेक पायरी वर, अधिक नाही.

याने सारे काही सुधारले, असा अहवाल आम्ही देणार नाही. जूनची सुट्टी संपून शाळा उघडल्यावर तोच वर्ग ग्रंथालयात गोंगाट करताना पकडला गेला, आणि कूलरवरची पाळी तिसऱ्या आठवड्यातच ढिली पडली होती. आणखी एक अडचण अशी की वर्गसभेला एक संपूर्ण तास जातो आणि अडतीसजणांचे ऐकून घेणारी शिक्षिका लागते. दंडाची सूचना एका मिनिटात निघते. शाळा दंडाकडे वळतात त्या दुष्टपणाने नव्हे, घाईने वळतात. आम्हीही पाकिटाकडे वळलो ते घाईनेच.

यंदाच्या १ ऑगस्टला आम्ही कॉलनीतल्या मुलांना पुन्हा ती गोष्ट सांगितली. नकारापाशी आल्यावर नेहमीप्रमाणे आवाज चढवला नाही. तेथे थांबून विचारले, "बरे, मग त्या टरफलांचे पुढे काय करावे?"

चिरंजीव म्हणाले, ज्याने सर्वांत जास्त शेंगा खाल्ल्या त्याने उचलावीत. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, ज्यांनी खाल्ल्या त्यांनीच. मग वाद लागला की ज्यांनी खाल्ल्या ते कबूल झाले नाहीत तर काय. कन्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजींनी 'उचला' म्हणण्याच्या ऐवजी 'चला, उचलू या' म्हणून स्वतः वाकायला हवे होते. मग बाळनेही उचलली असती."

आमच्या सौभाग्यवतींनी तेवढ्यात भाजलेल्या शेंगांची परात आणून मध्ये ठेवली. गोष्ट संपली तेव्हा सतरंजीवर टरफलेच टरफले झाली होती. आम्ही कोणालाही काही न बोलता खाली वाकलो.